शेंडीकडची कवड: एका विडंबन-काव्याचे प्रकरण

गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एका गावातली ही हकीगत आहे. गावाचे, वाड्यांचे आणि माणसांचे नाव देत नाही. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. ओव्या मात्र वाचल्या तशाच दिल्या आहेत, कारण त्या मीच लिहिल्या आणि त्यातली चूकही माझीच आहे.

पार्श्वभूमी

आमच्या गावात जत्रेच्या दुसऱ्या रात्री मराठी नाटक होते. घरात, बाजारात आम्ही कोंकणी बोलतो, पण रंगमंचावर, पोथीत आणि भजनात मराठी. ते कोणी ठरवलेले नाही, तसे चालत आले आहे. नाटक सुरू होण्यापूर्वी पडद्यामागे नारळ फोडतात. त्याच्या दोन कवडींपैकी शेंडीकडची कवड वरच्या वाड्यातल्या एका घराला जाते आणि दुसरीचे खोबरे किसून सगळ्यांना वाटतात.

दोन वर्षांपूर्वी मंडळाचा सचिव नवीन होता, कामसू आणि तरुण. खालच्या वाड्यातल्या मुलाने त्या वर्षी नायकाची भूमिका केली होती. सचिवाने कौतुकाने शेंडीकडची कवड त्याच्या हातात दिली. त्याला रिवाज ठाऊक नव्हता असे तो म्हणतो आणि माझा त्याच्यावर विश्वास आहे.

नाटक झाले, माणसे घरी गेली. आठवड्याभरात वरच्या वाड्याने कळवले की पुढच्या वर्षी माटवासाठी, म्हणजे मांडवासाठी, वासे मिळणार नाहीत. पेटी वाजवणारे गृहस्थ त्याच वाड्यातले, तेही तालमीला येईनात. खालच्या वाड्याने उत्तर दिले की आम्ही आमचे वेगळे नाटक करू, त्याच रात्री. गावात ध्वनिक्षेपकाचा संच एकच.

अडचण

जत्रेला पाच आठवडे उरले होते. तीन बैठका झाल्या. प्रत्येक बैठकीत बोलणे पहिल्या दहा मिनिटांत कवडीवरून आजोबांपर्यंत जायचे आणि मग कोणाच्या आजोबांनी काय केले ते ऐकत अकरा वाजायचे.

अडचण अशी होती की कवडीचे भांडण किती लहान आहे हे कोणी कोणाला सांगू शकत नव्हते. वरच्या वाड्याला ‘अहो, नारळच तो’ म्हटले की ते म्हणत, ‘मग तुम्हीच सोडा.’ खालच्या वाड्याला म्हटले तरी तेच उत्तर. क्षुल्लकपणा समोरच्याने दाखवला की तो अपमान ठरतो. ज्याचे त्याला दिसावे लागते.

समोर असलेले मार्ग

चिठ्ठ्या टाकाव्यात असे एकाने सुचवले. मान चिठ्ठीने मिळत नाही, असे दोन्ही वाडे त्या एका मुद्द्यावर एकमताने म्हणाले. दोन नारळ फोडावेत असे दुसऱ्याने सुचवले. ते पटू लागले होते, इतक्यात कोणीतरी विचारले, ‘आधी कोणता फोडायचा?’ आणि ती वाट बंद झाली. नारळच फोडू नये हा तिसरा मार्ग, पण त्याला नटमंडळी तयार नव्हती.

चौथा मार्ग एका निवृत्त मास्तरांनी काढला. ते म्हणाले, यावर एक पोथी लिहा. भांडणाची पोथी, थेट पांडवप्रतापासारखी, आणि तालमीच्या दिवशी वाचा.

मास्तरांना ही कल्पना आकाशातून सुचली नव्हती. त्यांनी आम्हाला दोन गोष्टी सांगितल्या. पहिली पॅरिसची. तिथल्या सेंत-शापेल या देवालयात खजिनदार आणि गायकप्रमुख यांच्यात ग्रंथ ठेवायच्या एका भल्या मोठ्या लाकडी चौरंगावरून तंटा झाला. खजिनदाराने तो चौरंग गायकप्रमुखाच्या आसनासमोर असा ठेवला की गायकप्रमुख दिसेनासाच झाला. ज्या न्यायाधीशांनी तो तंटा मिटवला, त्या लाम्वान्याँ यांच्या सांगण्यावरून बोआलो या कवीने त्यावर वीरकाव्याच्या थाटात ‘ल लूत्रँ’ लिहिले. त्याचे पहिले चार सर्ग १६७४ मध्ये आले. दुसरी गोष्ट लंडनची. एका उमरावाने एका मुलीच्या केसांची बट कापली आणि दोन घराणी एकमेकांशी बोलेनाशी झाली. जॉन कॅरिल या स्नेह्याने अलेक्झांडर पोपला सांगितले की यावर असे काही लिही की दोघांना हसू येईल. १७१२ मध्ये ‘द रेप ऑफ द लॉक’ दोन सर्गांत छापले गेले, १७१४ मध्ये ते पाच सर्गांचे झाले. मास्तरांनी एक जुळणीही दाखवली. आमच्याकडे श्रावणात वाचला जातो तो श्रीधरांचा पांडवप्रतापही १७१२ चाच.

मला मार्ग पटला, पण भीतीही वाटली. बैठकीत चुकीचा शब्द गेला तर तो विरतो. ओवीत गेला तर गावाला पाठ होतो.

पहिला मसुदा आणि तो का टाकला

पहिला मसुदा मी लिहिला नाही. मंडळातल्या एका हुशार तरुणाने लिहिला. त्याने भीम आणि दुर्योधन यांना आमच्या बाजारात आणले. भीम माशांच्या बाजारातल्या आवाजात ओरडतो, दुर्योधन उधारीवर सोडा पितो आणि दोघे नारळावरून एकमेकांच्या अंगावर जातात. मजकूर विनोदी होता. चौघांना वाचून दाखवला तेव्हा आम्ही खूप हसलो.

मास्तर हसले नाहीत. त्यांनी विचारले, ‘हसलात कोणाला?’

उत्तर द्यायला वेळ लागला. आम्ही भीमाला हसलो होतो. नारळ होता तिथेच होता आणि भांडण होते तेवढेच होते. थोर विषय घेऊन त्याला हलकी भाषा नेसवली की विषय खाली येतो. आमच्या हातात जे खाली आणायचे होते ते महाभारत नव्हते. बोआलोने आपल्या प्रस्तावनेत हाच फरक सांगितला आहे. जुन्या प्रकारात व्हर्जिलच्या महाकाव्यातले डिडो आणि ईनियास हे मासळीवाल्या बायका आणि हमाल यांच्यासारखे बोलत, आपल्या काव्यात एक घड्याळजी आणि त्याची बायको डिडो आणि ईनियास यांच्यासारखे बोलतात. पहिल्या तऱ्हेत मोठ्यांची उंची जाते, दुसऱ्या तऱ्हेत लहानांच्या अंगावर मोठ्यांचा अंगरखा चढतो आणि तो किती ढगळ आहे ते सर्वांना दिसते.

मराठीत विडंबन म्हटले की आपल्याला १९२५ ची ‘झेंडूची फुले’ आठवतात. तिथे अत्र्यांचा रोख त्या काळच्या कवींच्या लिहिण्यावर होता, म्हणजे शैलीच निशाण्यावर होती. आम्हाला श्रीधरांच्या ओवीचे हसे करायचे नव्हते. तिचे काम मोजपट्टीचे होते. आणि मोजपट्टी वाकडी असून चालत नाही. म्हणून दुसरा मसुदा लिहिताना पहिली अट अशी ठरली की ओवी कुठेही थट्टेखोर वाटता कामा नये. ती श्रीधरांनी मान्य केली असती अशी हवी.

छंदावरही चर्चा झाली. पोवाडा पहिल्यांदा पुढे आला, कारण त्याला आवाज आणि डफ मिळतो. पण पोवाड्यात शाहिराचा जोर शब्दांवरून वाहून जातो आणि ऐकणाऱ्याच्या अंगावर शौर्याचा काटा येतो. आम्हाला काटा यायला नको होता. मोरोपंती आर्या गावाच्या कानाला ओळखीची नाही. नक्कल कशाची आहे हे ऐकणाऱ्याला क्षणात कळले नाही तर नकलेत काही उरत नाही. ओवी मात्र गोव्याच्या कानात पिढ्यान्‌पिढ्या आहे. फादर स्टीफन्सनाही १६१६ मध्ये ख्रिस्तपुराण छापताना ओवीच घ्यावीशी वाटली होती. पांडवप्रतापाची ओवी तर आमच्या गावातली निम्मी घरे दर श्रावणात ऐकतात.

दुसरा मसुदा: चौथ्या चरणाचे काम

एकसष्ट ओव्या झाल्या. लिहिताना सर्वांत जास्त शिकवले ते आमच्या गावात पोथी वाचणाऱ्या एका आजींनी. मी त्यांना आधी ही ओवी दाखवली:

नारळ फुटतां भांडण जाहलें । मोठमोठे वीर धांवोनि आले ।
एकमेकां वेडे म्हणों लागले । केवढा हा मूर्खपणा ॥

आजी म्हणाल्या, ‘हें श्रीधर नाहीं बोलणार. तूं बोलतोस.’ त्यांचे बरोबर होते. या ओवीत दोन दोष आहेत. ‘नारळ’ हा शब्द पहिल्याच पावलाला आला, म्हणजे चढायच्या आधीच उतरलो. आणि शेवटी कवीने स्वतःच निकाल देऊन टाकला. ‘मूर्खपणा’ हा शब्द ऐकला की ऐकणारा वाड्याच्या बाजूने उभा राहतो. बैठकीत झाले होते तेच.

मग आम्ही ओवीचा बांधा नीट पाहिला. पहिले तीन चरण यमकाने बांधलेले असतात आणि एकावर एक चढत जातात. चौथा चरण आखूड, यमक सोडलेला, सुटा. भक्तीच्या ओवीत तो चरण विसाव्याचा असतो. आम्हाला पायरी हवी होती ती तिथेच आयती होती. तीन चरण ब्रह्मांडात चढायचे आणि वस्तू चौथ्यात, साध्या नावाने ठेवायची. आजींनी ‘श्रीफळ’ म्हणा असे आधी सुचवले होते, कारण पोथीत तोच शब्द शोभतो. वाचून पाहिले तेव्हा त्यांचे त्यांनाच कळले की श्रीफळ म्हटले की पायरीच उरत नाही. सबंध ओवी सपाट उंचीवर राहते. तिथे घरातला शब्दच हवा. ओवी अशी झाली:

कडाडलें ब्रह्मांड वाटे ते क्षणीं । दिग्गज बैसले कान झांकोनी ।
शेष दचकला पाताळभुवनीं । नारळ फुटला म्हणोनियां ॥

यात कोणाला मूर्ख म्हटलेले नाही. भांडणाचा उल्लेखसुद्धा नाही. तरी ऐकणाऱ्याला शेष आणि नारळ यांच्यातले अंतर पार करावे लागते आणि ते करताना त्याला हसू येते. निकाल त्याचा त्याने लावलेला असतो.

श्रीधरांची दुसरी खूण म्हणजे ‘जैसा… कीं… कीं… तैसा’ अशी उपमांची माळ. तिची नक्कल करताना उपमा खऱ्याच सुंदर हव्यात हे लक्षात आले. एक तरी उपमा मुद्दाम फजितीची घातली की ऐकणारा सावध होतो आणि पुढचे सारे थट्टा म्हणून ऐकतो.

जैसा मेरू सुवर्णें शोभला । कीं पौर्णिमेचा चंद्र उगवला ।
कीं ऐरावत द्वारीं उभा ठेला । तैसा तबकीं नारळ दिसे ॥

आणि युद्धापूर्वी वीर शस्त्रे परजतात तो प्रसंग. खोबरे किसणाऱ्याचा, आणि आडोळी म्हणजे आमची खोबरे किसायची विळी:

कोयता परजोनि उभा ठाकला । पंचा कमरेस आवळोनि कसिला ।
आडोळीवरी वीर आरूढला । खोबरें किसावयाकारणें ॥

एका गोष्टीवर आजी ठाम होत्या. पोथीची नक्कल करा, पूजेची करू नका. समई नको, फूल नको, सुरुवातीला नमन नको, शेवटी ‘श्रीकृष्णार्पणमस्तु’ नको. मला वीरकाव्याच्या रिवाजाप्रमाणे नमन हवे होते. तिकडच्या कवींनी ते घेतलेच आहे. पण त्यांच्या काव्यदेवतेची त्यांच्या गावात कोणी पूजा करत नव्हते. आमच्या गणपतीची सकाळ-संध्याकाळ होते. नमन काढले आणि पोथी थेट नारळाच्या वर्णनाने सुरू केली. हा निर्णय योग्य होता असे मी आजही म्हणेन. नमन असते तर भांडण कवडीवरून उठून माझ्यावर आले असते.

पात्रांचा प्रश्न

माणसे घ्यायची की नाहीत यावर मी चुकलो.

सुरुवातीला ठरले होते की एकही व्यक्ती येणार नाही, फक्त ‘वरील दळ’ आणि ‘खालील दळ’. पण वीरकाव्यात सेनापती लागतो. वरच्या वाड्यात एक वयस्कर गृहस्थ आहेत, बैठकींत सर्वांत जास्त तेच बोलायचे आणि प्रत्येक वाक्य ‘तें न्हय मरे’ने, म्हणजे ‘तसं नव्हे रे’ने, सुरू करायचे. मी सेनापतीच्या तोंडी तेवढे तीन शब्द घातले. तो रणात येतो, शंख फुंकावा तसे ‘तें न्हय मरे’ म्हणतो आणि दोन्ही सैन्ये थरथरतात. नाव नाही, वाडाही नाही. लिहिताना मला ती सबंध पोथीतली सर्वांत जमलेली जागा वाटली होती.

पोपकडूनही नेमके हेच झाले होते. त्याच्या काव्यात सर प्लूम नावाचे एक पात्र आहे, तपकिरीची डबी आणि अर्धवट वाक्ये घेऊन वावरणारे. ज्या सर जॉर्ज ब्राऊन यांच्यावरून ते घेतले होते, त्यांना राग आला. कवीने माझ्या तोंडी निव्वळ बाष्कळ बडबड घातली, अशी त्यांची तक्रार होती. ही गोष्ट मास्तरांनी मला वाचनाच्या आधी सांगितली असती तरी मी ती जागा काढली असती का, याची मला खात्री नाही. जमलेली ओळ हातून सुटत नाही.

जिथे कोणी हसले नाही

वाचन तालमीच्या दिवशी, संध्याकाळी, शाळेच्या पडवीत झाले. दोन वाचक, एक वरच्या वाड्यातला, एक खालच्या. ओवीला ओवी आळीपाळीने, पोथीच्या चालीत, चेहरा न हलवता. चेहरा हलवायचा नाही ही सूचना मी दहा वेळा दिली होती. पस्तीस-चाळीस माणसे असतील. पेटीवाले गृहस्थ आले, पण पायऱ्यांवर बसले.

दिग्गजांच्या ओवीला पहिले हसू आले. आडोळीच्या ओवीला पडवी भरून हसली आणि त्यात वरच्या वाड्याचे लोक अधिक होते, कारण त्यांच्याकडचा खोबरे किसणारा मागच्या रांगेत बसलेला होता आणि तोच सर्वांत मोठ्याने हसत होता.

त्यानंतर सेनावर्णन होते. वीरकाव्यात सैन्याची यादी येते, कोणाबरोबर किती रथ, किती हत्ती. मी खालच्या वाड्याचे सैन्य माटव घालणाऱ्यांचे केले होते. वासे हेच त्यांचे हत्ती. दहा ओव्यांचा तो भाग मी विनोदासाठीच लिहिला होता, आणि त्यातली ही एक:

ज्यांनीं खांदां वासे वाहिले । रात्रभर माटव उभारिले ।
त्यांचें नांव नाहीं घेतलें । पडदा उघडतां एकदांही ॥

ही ओवी वरच्या वाड्याच्या वाचकाच्या वाट्याला आली होती. त्याने ती वाचली आणि पडवी शांत झाली. कोणी खोकलेसुद्धा नाही. वाचक पुढची ओवी शोधल्यासारखा कागदाकडे बघत राहिला.

मी गोंधळलो. चाल तीच, तीन चरणांची चढण तीच, चौथा चरण तिथेच. हसू का आले नाही ते मला घरी जाताना कळले. बाकीच्या ओव्यांत भाषा मोठी आणि वस्तू लहान होती, म्हणून मध्ये पोकळी होती. इथे पोकळीच नव्हती. वासे खरेच वाहिले होते, रात्र खरीच जागवली होती आणि नाव खरेच घेतले नव्हते. श्रीधरांची ओवी त्या गोष्टीच्या अंगावर अगदी बरोबर बसली. नारळावर जी भाषा ढगळ होत होती ती इथे मापाची निघाली.

आम्ही इतके दिवस समजत होतो की भांडण मानाचे आहे आणि मान ही क्षुल्लक गोष्ट आहे. ओवीने मोजून दाखवले की कवड क्षुल्लक आहे आणि तिच्याखाली जे आहे ते नाही. खालचा वाडा हा जुन्या मुंडकार घरांचा, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहिलेल्यांचा वाडा. नाटकाच्या हस्तपत्रिकेवर देणगीदार छापले जातात, नट छापले जातात, पेटी-तबला छापले जातात. माटव घालणारे कधी छापले गेले नव्हते. म्हणून तर त्या मुलाच्या हातात आलेली कवड त्यांना परत द्यायची नव्हती. त्यांच्या वाड्याचे नाव पहिल्यांदा कोणीतरी पडद्यापाशी घेतले होते.

पोपने १७१७ च्या आवृत्तीत क्लॅरिसा या पात्राचे भाषण घातले. इलियडमधल्या सार्पेडनच्या भाषणावरून घेतलेले, ऐन विडंबनात एक गंभीर जागा. ती त्याने पाच वर्षांनी, विचार करून घातली. माझ्याकडून ती नकळत झाली, आणि ती गंभीर आहे हे मला नाही, ऐकणाऱ्यांना आधी कळले.

पंधराएक ओव्यांनंतर सेनापती आला, ‘तें न्हय मरे’ झाले. हसू प्रचंड आले. ते गृहस्थ उठले, चपला घातल्या आणि गेले.

निष्पत्ती

दुसऱ्या दिवशी पेटीवाले तालमीला आले. चार दिवसांनी वरच्या वाड्याचे वासे आले. कवडीबद्दल कोणी ठराव केला नाही. त्या वर्षी नारळ फुटला तेव्हा शेंडीकडची कवड घ्यायला दोन्हीकडचे कोणी पुढे होईना आणि शेवटी दोन्ही कवडी किसून त्याचे खोबरे नटांच्या फोवांत, म्हणजे पोह्यांत, गेले. हे विडंबनाचे थेट फळ म्हणता येईल. दिग्गज आणि शेष ऐकल्यावर ती कवड गंभीर चेहऱ्याने हातात घेणे कोणालाच जमेना.

नावांचे काम मात्र हसण्याने झाले नाही. त्यासाठी चौथी बैठक घ्यावी लागली आणि ती सोपी नव्हती. वरच्या वाड्यातून विचारणा झाली की मग वर्गणी देणाऱ्या प्रत्येकाचे नाव घ्यायचे का. शेवटी असे ठरले की पडदा उघडण्यापूर्वी माटव घालणाऱ्यांची नावे रंगमंचावरून वाचायची. त्या वर्षी चौदा नावे वाचली गेली. यंदा ती हस्तपत्रिकेवर छापली. सचिवाने मात्र त्या वर्षानंतर पद सोडले. मूळ प्रसंगात त्याच्यावर आलेला ठपका पोथीने पुसला नाही. पोथीत तो कुठे नव्हताच.

त्या गृहस्थांकडे मी दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. त्यांनी बसायला सांगितले, चहा दिला. म्हणाले, ‘नारळाला मी पण हसलो. आडोळीला पण हसलो. पण माझ्या बोलण्यात तुला भांडण कुठे दिसलं? मी असाच बोलतो. तुझ्या लग्नात पण असाच बोललो होतो.’ मी माफी मागितली. ते म्हणाले ठीक आहे. त्या वर्षी नाटकाला ते आले नाहीत.

आज करायचे तर

ती जागा काढेन. भांडण अंगावरून उतरवता येते, बोलण्याची लकब उतरवता येत नाही. कवड सोडली की माणूस हलका होतो, ‘तें न्हय मरे’ सोडून तो कुठे जाणार? माझी कसोटी आता अशी आहे: ओवीतली गोष्ट भांडण मिटल्यावर नाहीशी होणार असेल तर तिला हात लावायचा. मिटल्यावरही ती त्या माणसाबरोबर घरी जाणार असेल तर नाही.

मसुदा दोन्ही वाड्यांतल्या एकेका माणसाला आधी ऐकवेन. आम्ही तो चौघांना ऐकवला, पण चौघेही मंडळाचे, म्हणजे वाद मिटावा असे वाटणारे. त्यांना सगळीकडे हसू आले, वाशांच्या ओवीलासुद्धा. ती ओवी जिथे बसते ते अंग त्यांच्यात नव्हतेच.

वाशांच्या ओवीबद्दल मंडळात अजून दोन मते आहेत. खजिनदारांचे म्हणणे, ती थट्टेत मिसळून आली म्हणूनच ऐकली गेली. बैठकीत मांडली असती तर ‘आता हे काय नवीन’ म्हणून उडवली असती. मला ते अर्धेच पटते. वरच्या वाड्याच्या मुलाला ती न सांगता, न विचारता, चाळीस माणसांसमोर आपल्या तोंडाने वाचावी लागली. त्याला आधी माहीत असते तर त्याने ती वाचली असती का हे मी त्याला अजून विचारलेले नाही.

आजींनी यंदा जत्रेच्या आधी पुन्हा पोथी वाचूया का असे विचारले. मी नको म्हटले. वाद नसताना दिग्गजांना कान झाकायला लावून काय करायचे? त्या म्हणाल्या, ‘मग तेवढी वाशांची ओवी दे.’ ती त्यांनी आपल्या वहीत उतरवून घेतली, श्रावणातल्या पोथीच्या वहीत, आणि वर काही लिहिले नाही.